सहकारी बदलला आहे हे जाणवल्यावर पहिले वाक्य कोणते बोलावे?

प्रश्न : "आमच्या डिस्पॅच विभागात माझ्यासोबत एक दादा काम करतात, वयाने माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठे. गेला महिना-दीड महिना ते पार बदललेत. विचारलं तर 'काही नाही' एवढंच म्हणतात. मी त्यांची वरिष्ठ नाही, समुपदेशक तर नाहीच. आगाऊपणा न वाटता त्यांच्याशी बोलायचं कसं? आणि त्यांनी काही भलतंच सांगितलं तर मी काय करायचं?"

उत्तर :

तुमच्याजवळ एक गोष्ट अशी आहे जी कोणत्याही डॉक्टरजवळ पहिल्या भेटीत नसते, ती म्हणजे हे दादा एरवी कसे असतात याची माहिती. सहकाऱ्याचा त्रास ओळखताना तुलना इतर माणसांशी करायची नसते, त्याच माणसाच्या नेहमीच्या वागण्याशी करायची असते. मुळातच अबोल असलेला माणूस गप्प बसला तर त्यात काही नवे नाही. परंतु रोज सकाळी साऱ्या विभागाला हाक मारणारा माणूस महिनाभर गप्प असेल, तर ते लक्षात घेण्यासारखे आहे. नैराश्याचे निदान करताना डॉक्टर साधारणपणे किमान दोन आठवडे टिकलेली लक्षणे पाहतात. निदान हे तुमचे काम नाही आणि बोलताना तो शब्द उच्चारण्याचेही कारण नाही, पण महिना-दीड महिना टिकलेला बदल हा एखाद्या वाईट दिवसाचा परिणाम नसतो, इतके त्यावरून समजते.

म्हणून बोलायला जाण्यापूर्वी एका कागदावर, फक्त स्वतःसाठी, दोन किंवा तीन गोष्टी लिहा, आणि त्या डोळ्यांनी दिसलेल्या व कानांनी ऐकलेल्या असाव्यात. "ते खचलेत" हा तुमचा निष्कर्ष झाला. "डबा उघडून तसाच बंद करतात" हे निरीक्षण झाले. समोरचा माणूस निष्कर्षाशी वाद घालू शकतो, निरीक्षणाशी सहसा घालत नाही. लिहून झाल्यावर तो कागद फाडून टाका, कारण तो दुसऱ्याच्या हाती लागणे बरे नाही.

कामाच्या ठिकाणी हा बदल बहुधा कामात, खाण्यापिण्यात, सोबतीत आणि शरीरात दिसतो. त्यातल्या शरीराकडे आपले दुर्लक्ष होते. आपल्याकडे फार थोडी माणसे आपण होऊन "मी उदास आहे" असे सांगतात. डोके जड झाले आहे, पित्त उसळते, अंगात त्राण नाही, पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही, अशा शब्दांत ते सांगितले जाते. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेल्या अभ्यासांतही नैराश्य असलेले अनेक रुग्ण अंगदुखी, थकवा आणि झोपेच्या तक्रारी घेऊनच आलेले दिसले. त्यामुळे एखादा सहकारी पंधरा दिवसांत तीन-चारदा कारखान्याच्या दवाखान्यात पित्ताची गोळी घ्यायला जात असेल, तर तीसुद्धा एक खूण असू शकते. त्याच वेळी शारीरिक कारणही खरे असू शकते. थायरॉइडचा विकार, रक्तक्षय, ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता किंवा ताब्यात नसलेला मधुमेह माणसाला असाच थकवतो. तुम्हाला यातले काहीही ठरवायचे नाही, आणि म्हणूनच तुमचे वाक्य कारणाबद्दल नव्हे तर दिसलेल्या बदलाबद्दल असले पाहिजे.

आणखी एक खूण उलट्या दिशेची आहे आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. कित्येक आठवडे अस्वस्थ असलेला माणूस एकाएकी शांत, मोकळा दिसू लागतो, आपल्या वस्तू वाटून टाकतो, उसने पैसे घाईने परत करतो, कागदपत्रे कुठे ठेवली आहेत हे कुणाला तरी सांगून ठेवतो. सहकाऱ्यांना वाटते, सुटला बिचारा. असे दिसले तर योग्य दिवसाची वाट पाहत बसू नका, त्याच दिवशी बोला.

आता प्रत्यक्ष बोलण्याकडे येतो. त्यासाठी नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातली घटना सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, परंतु संभाषणाचा क्रम तोच ठेवला आहे. स्टोअर्समध्ये काम करणारे एक गृहस्थ होते, वय पंचेचाळिसाच्या आसपास, ज्यांच्या माल-आवकेच्या नोंदींत कधी खाडाखोड नसायची. त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकारी ताईंनी पाहिले की दोन नोंदींवर मागच्या महिन्याची तारीख पडली आहे, डबा अर्धी पोळी खाऊन बंद होतो आहे, आणि रोज चार वाजता "चला, चहा" म्हणून सर्वांना उठवणारा हा माणूस आता जागचा हलत नाही.

त्यांनी पहिल्यांदा विचारले ते टेबलावरूनच. समोर एक वाहनचालक चलनावर सही घ्यायला उभा होता आणि फोन वाजत होता. "दादा, बरं नाही का?" यावर उत्तर आले, "काही नाही हो, झोप झाली नाही." या उत्तराला खोटे म्हणता येणार नाही. ऐकणारे तिघे असताना आणि प्रश्नच असा असताना की ज्याला "हो" किंवा "नाही" यांपलीकडे जागाच नाही, दुसरे उत्तर येणे अवघड होते. तुम्हाला मिळालेले "काही नाही" हेही मी याच अर्थाने घेईन. तो नकार तुम्हाला नाही, त्या जागेला आणि त्या वेळेला आहे.

दुसऱ्या वेळी त्यांनी तीन गोष्टी बदलल्या. पहिली गोष्ट म्हणजे वेळ. महिनाअखेरचा साठामेळ संपेपर्यंत त्या थांबल्या आणि जेवणाची सुट्टी संपायला वीस मिनिटे असताना त्यांनी दादांना बाहेर बोलावले. सुट्टी संपण्याची वेळ ठरलेली असल्यामुळे बोलणारा माणूस अडकल्यासारखा होत नाही, आणि वीस मिनिटे सुरुवातीला पुरतात. दुसरी गोष्ट म्हणजे जागा. वजनकाट्याजवळच्या झाडाखाली एक बाक होता, जिथून येणारे-जाणारे दिसतात पण बोलणे ऐकू जात नाही. एका स्त्री सहकाऱ्याने पुरुष सहकाऱ्याशी बंद खोलीत बोलण्यापेक्षा अशी उघड्यावरची जागा दोघांनाही सोयीची पडते. बाकावर माणसे समोरासमोर न बसता शेजारी बसतात, त्यामुळे डोळे चुकवण्याची मोकळीक राहते आणि अवघड गोष्ट जमिनीकडे पाहत सांगता येते. तिसरी गोष्ट म्हणजे वाक्य.

"दादा, दोन आठवडे झाले बघतेय, तुमचा डबा तसाच परत जातो. चारच्या चहालाही तुम्ही उठत नाही. मला काळजी वाटली म्हणून विचारते. काय चाललंय?"

या बोलण्याची बांधणी नीट पाहा. आधी दोन निरीक्षणे आली, ज्यांत दोष नाही. नोंदींवरच्या चुकीच्या तारखा त्यांना दिसल्या होत्या, पण त्या त्यांनी मुद्दाम बोलून दाखवल्या नाहीत, कारण कामातली चूक सांगितली की माणूस स्वतःचा बचाव करू लागतो आणि काळजीचे बोलणे चौकशीसारखे होऊन जाते. मग विचारण्याचे कारण आले, तेही "लोक बोलतायत" किंवा "साहेबांनी सांगितलं म्हणून" असे नव्हे, तर "मला काळजी वाटली" असे. शेवटी असा प्रश्न आला ज्याचे उत्तर एका शब्दात संपत नाही. आगाऊपणाची जी भीती तुम्हाला वाटते, तिच्यावर माझ्या मते हाच उपाय आहे. आपण समोरच्याच्या मनात काय आहे हे जाणतो असा आव आणला तर ते आगाऊपणाचे ठरते, आपल्याला काय दिसले आणि आपल्याला काय वाटले एवढेच सांगितले तर ठरत नाही.

यानंतर त्या गप्प राहिल्या, आणि नवख्या माणसाला हीच गोष्ट सर्वांत जड जाते. दहा-पंधरा सेकंदांची शांतता सहन होत नाही आणि आपण "घरचं काही आहे का? तब्येत? पैशाचं?" असे पर्याय पुरवू लागतो. समोरचा त्यातला सर्वांत निरुपद्रवी पर्याय उचलतो आणि विषय मिटतो. इथे दादांनी मोबाइल खिशातून काढला, परत ठेवला आणि म्हणाले, "घरचं टेन्शन, दुसरं काय." ताईंनी "कसलं टेन्शन?" असे लगेच विचारले नाही. "हं, घरचं," एवढेच म्हणून त्या थांबल्या. माणसाचा शेवटचा शब्द त्याला परत देणे ही साधी पद्धत आहे, आणि तिने पुढचे वाक्य बहुधा आपोआप येते. तसेच झाले. आईच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांनी मोबाइलवरच्या एका ॲपवरून कर्ज घेतले होते, ते फेडायला दुसऱ्या ॲपवरून घेतले, मग तिसऱ्या. वसुलीवाले नातेवाइकांना फोन करू लागले होते आणि आता कारखान्यातही फोन येईल या धास्तीने ते दिवसभर दूरध्वनीच्या दिशेने कान लावून बसत. पत्नीला यातले काही ठाऊक नव्हते. पहाटे तीनला जाग येत होती. बोलता बोलता ते म्हणाले, "कधी कधी वाटतं, सगळं संपवून टाकावं. सुटेन तरी."

तुम्ही ज्याला "भलतंच" म्हणता ते हेच. अशा वेळी तीनपैकी एक गोष्ट घडते. ऐकणारा विषय बदलतो, किंवा घाबरून "असं बोलू नका हो, असा विचारसुद्धा आणू नका" म्हणतो, किंवा "तसलं काही वेडंवाकडं तर मनात नाही ना?" असे विचारतो. या शेवटच्या प्रश्नात आपल्याला "नाही" हेच उत्तर हवे आहे हे उघड असते आणि समोरचा माणूस आपली सोय पाहून तेच देतो. अशा वेळी सहकाऱ्याशी कसे बोलावे यावरच्या प्रशिक्षण सत्रात ऐकलेले ताईंनी लक्षात ठेवले होते. त्यांनी आवाज न चढवता विचारले, "दादा, संपवावं म्हणजे जीव द्यावा, मरून जावं असं मनात येतं का?"

असे थेट विचारले तर नसलेला विचार डोक्यात भरला जाईल, ही भीती जवळजवळ प्रत्येक सत्रात कुणीतरी बोलून दाखवते. ती खरी ठरलेली नाही. 2005 साली न्यूयॉर्क राज्यातल्या दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या एका चाचणीत निम्म्या मुलांना आत्महत्येच्या विचारांबद्दल सरळ विचारले होते, निम्म्यांना विचारले नव्हते. विचारलेल्यांमध्ये त्रास किंवा असे विचार वाढलेले आढळले नाहीत, आणि ज्या मुलांना आधीपासूनच त्रास होता त्यांना विचारल्याने थोडे हलके वाटलेले दिसले. त्यानंतरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2014 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातूनही असेच निघाले. ज्याच्या मनात हा विचार नाही तो "छे, तसं काही नाही" असे सरळ म्हणतो. ज्याच्या मनात आहे, त्याला तो पहिल्यांदा कुणापुढे तरी मांडता येतो.

दादांनी उत्तर दिले, "येतं. पण पोरीकडे बघून थांबतो." यानंतर दोन गोष्टी विचारायच्या असतात. हे कसे करायचे, कधी करायचे असे काही ठरवले आहे का, आणि त्यासाठी काही जवळ ठेवले आहे का. तपशिलांत खोल शिरू नका, आजची रात्र किती धोक्याची आहे एवढे समजण्यासाठी हे विचारायचे असते. त्यांनी काही ठरवले नव्हते. म्हणजे त्या क्षणी रुग्णवाहिका बोलावण्यासारखी स्थिती नव्हती, पण गोष्ट उद्यावर टाकण्यासारखीही नव्हती. ताईंनी विचारले, "आज रात्री घरात कुणाला तरी हे ठाऊक असायला हवं. तुम्हाला कोण चालेल?" दादांनी पत्नीचे नाव घेतले नाही, मेव्हण्यांचे घेतले. निवड त्यांची होती, ती तशीच मान्य केली. सुट्टी संपण्यापूर्वी त्यांनी ताईंच्या देखत मेव्हण्यांना फोन लावला, आणि संध्याकाळी कारखान्याच्या बसने न जाता मेव्हण्यांसोबत घरी गेले. त्याआधी दोघांनी मिळून कारखान्याच्या डॉक्टरांची गाठ घेतली.

उत्तर वेगळे आले असते, म्हणजे काही ठरले आहे आणि साधन हाताशी आहे असे समजले असते, तर पुढचा क्रम वेगळा असता. अशा माणसाला एक मिनिटही एकटे सोडायचे नाही, अगदी "तोंड धुऊन येतो" म्हणाला तरी कुणीतरी सोबत जायचे. साधन त्याच्यापासून दूर करायचे. घरी असेल तर घरातल्या माणसाला ते आत्ताच हलवायला सांगायचे, कारण टोकाची ऊर्मी बहुतेक वेळा ओसरते आणि तेवढ्या वेळात साधन हाती नसणे हेच जीव वाचवते. 112 वर फोन करायचा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात सोबत जायचे, आणि वरिष्ठांना लगेच कळवायचे. इथे अनेक जण पोलिस केसच्या भीतीने थबकतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते. शिवाय 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे जुन्या दंडसंहितेचे कलम 309 ठेवलेले नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरते एक वेगळे कलम आहे, पण आपण बोलतो आहोत त्या प्रसंगाशी त्याचा संबंध नाही. कायद्याच्या भीतीने माणसाला रुग्णालयापासून दूर ठेवू नका.

गुप्ततेबद्दल आधीच ठरवून घ्या, कारण बहुधा सुरुवातीलाच "कुणाला सांगू नका हं" असे म्हटले जाते आणि आपण भावनेच्या भरात "शप्पथ, नाही सांगणार" म्हणून बसतो. पुढे जिवाचा प्रश्न आला की एकतर शपथ मोडावी लागते किंवा माणूस धोक्यात राहतो. त्याऐवजी असे म्हणता येते, "हे मी कुणापुढे चघळणार नाही. पण तुमच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मी एकटीच्या मनात ठेवणार नाही. कुणाला सांगतेय ते आधी तुम्हालाच सांगेन." हे ऐकून लोक बोलायचे थांबतील असे वाटते, पण माझा अनुभव तसा नाही. मर्यादा आधी सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवणे उलट सोपे जाते. वरिष्ठांना किंवा मनुष्यबळ विभागाला काही सांगायचे झाले, तर दादांना विचारून आणि गरजेपुरतेच सांगा. "त्यांना दोन दिवस रजा लागेल आणि आठवडाभर रात्रपाळी नको" एवढे पुरेसे असते. कर्ज, घर आणि मनातले विचार हा तपशील रजेच्या अर्जाला लागत नाही.

घरी परस्पर फोन करू नका. हे मी आग्रहाने सांगतो, कारण चांगल्या हेतूने नेमके हेच केले जाते. त्रासाचे मूळ काही वेळा घरातच असते. एखाद्या ताईंच्या अंगावरचे वळ त्यांच्या नवऱ्याच्या हातचे असतील आणि तुम्ही काळजीपोटी त्याच नवऱ्याला फोन करून "त्या फार गप्प असतात हल्ली" असे सांगितले, तर संध्याकाळी काय होईल याचा विचार करा. घरात कुणाला सांगायचे हे त्या व्यक्तीलाच विचारायचे. जिवाचा तातडीचा धोका असेल तेवढा एकच अपवाद, आणि त्यातही सुरक्षित नातेवाईक कोण हे शक्य तर तिच्याकडूनच समजून घ्यायचे.

ऐकून झाल्यावर आपल्याला काहीतरी द्यावेसे वाटते, आणि तिथे बोलणे बिघडते. "पहाटे उठून प्राणायाम करा", "आमच्या भावाचं तर याहून वाईट होतं", "देवावर सोडा" ही वाक्ये चुकीची म्हणून नव्हे, तर वेळेआधी आल्यामुळे दार बंद करतात. ऐकणाऱ्याला त्यातून इतकेच समजते की याला आता हा विषय आवरायचा आहे. तुमचे बोलणे बिघडत चालले आहे का हे ओळखायची एक साधी खूण आहे. समोरच्याची वाक्ये आखूड होऊ लागली, "हो", "बघू", "करतो" अशी उत्तरे येऊ लागली, की समजायचे, आपण जास्त बोलतो आहोत. तिथे थांबून "मीच बोलत सुटले. तुम्ही सांगत होता ते सांगा" असे म्हणता येते. पैशांची अडचण ऐकून लगेच उसने पैसे देऊ नका, असेही मी सांगेन. तुम्ही त्यांच्या घेणेकऱ्यांपैकी एक झालात की तुमच्यासमोर बसून मोकळे बोलणे त्यांना अवघड होते. त्याऐवजी त्या प्रश्नाची वेगळी वाट दाखवता येते. वसुलीसाठी सकाळी 8 पूर्वी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायला, तसेच धमकावायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. बेकायदा ॲपविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर आणि फसवणूक झाली असेल तर सायबर हेल्पलाइन 1930 वर तक्रार करता येते. नाशिकच्या दादांच्या बाबतीत हे काम मेव्हण्यांनी अंगावर घेतले.

डॉक्टरांकडे जाण्याचा विषय काढताना तज्ज्ञाच्या पाटीपासून सुरुवात करू नका. "मानसोपचारतज्ज्ञाकडे जा" हे पहिल्याच भेटीत ऐकले की मनात "म्हणजे मी वेडा?" असा प्रश्न उभा राहतो. "पहाटे तीनला झोप मोडते आणि जेवण जात नाही, हे डॉक्टरांना सांगू या, मी येते सोबत" असे म्हटले तर पाऊल उचलले जाते. पुढे कुठे पाठवायचे ते डॉक्टर ठरवतात. ज्यांचा पगार 21,000 रुपयांपर्यंत आहे आणि ज्यांचा विमा भरला जातो त्यांना ईएसआयच्या दवाखान्यातून उपचार मिळतात, आणि जिल्हा रुग्णालयांत मानसिक आरोग्याची बाह्यरुग्ण सेवा असते. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेली टेलिमानस ही सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत मिळते आणि तिथे मराठीतून बोलता येते. एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते, ती अशी की त्रास होणाऱ्या व्यक्तीनेच फोन करायला हवा असे नाही. "माझ्या सहकाऱ्याने मला असं सांगितलं, मी पुढे काय करू?" हे विचारायलाही तुम्ही तिथे फोन करू शकता. आणि ऐकलेले तुमच्याच मनावर बसले, झोप उडाली, तर स्वतःसाठीही करू शकता.

औषधे सुरू झाली तर त्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, हे तुम्हाला ठाऊक असायला हवे. आठव्या दिवशी "काही फरक नाही, बंद करतो" असे दादा म्हणतील, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका एवढे सांगणारे कुणीतरी शेजारी लागते. नाशिकच्या प्रकरणात पहिल्या संभाषणापेक्षा पुढचे तीन आठवडे जास्त महत्त्वाचे ठरले असे माझे मत आहे. त्या ताई रोज "कसं वाटतंय आता?" असे विचारत नसत, कारण त्या प्रश्नाने माणूस रोज स्वतःला रुग्ण म्हणून तपासू लागतो. दर तीन-चार दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत त्या बाकावर दहा मिनिटे बसत. कधी मुलीच्या परीक्षेबद्दल बोलणे होई, कधी काहीच होत नसे. दुसऱ्या आठवड्यात दादांनी पत्नीला सांगितले. कर्ज अजून फिटलेले नव्हते आणि वसुलीचे फोन पूर्ण थांबले नव्हते, पण झोप पहाटे पाचपर्यंत टिकू लागली होती.

तुम्ही वरिष्ठ नाही, ही तुमची अडचण तुम्हाला वाटते, पण मी तिला सोय मानतो. वरिष्ठाने विचारले की वार्षिक मूल्यमापन आठवते. मात्र जिवाच्या तातडीच्या धोक्याप्रमाणेच आणखी एका बाबतीत वरिष्ठाला सांगणे टाळता येत नाही. सहकारी क्रेन, प्रेस किंवा फोर्कलिफ्ट चालवत असेल आणि झोपेअभावी त्याचे डोळे मिटत असतील किंवा तोंडाला दारूचा वास येत असेल, तर संभाषण नंतर, आधी त्याला त्याच पाळीत मशीनवरून उतरवायचे.

दादांनी दुसऱ्यांदाही "काही नाही" म्हटले तर ताणून धरू नका आणि रागावूही नका. "बरं. मी विचारलं म्हणून सांगायलाच हवं असं नाही. शुक्रवारी जेवणानंतर मी इथेच असेन," असे दिवसासह सांगा आणि शुक्रवारी खरोखर तिथे असा. "कधीही सांगा" हे वाक्य ऐकायला मोठे वाटते, पण ज्याच्यात उठून यायचेही बळ नाही त्याच्यावर ते पहिले पाऊल टाकण्याचे ओझे टाकते. ते चिडले, "तुमचं तुम्ही बघा" म्हणाले, तरी "माफ करा, घाई केली मी" एवढे म्हणून बाजूला व्हा. चिडण्यामागे अनेकदा पकडले गेल्याची लाज असते, आणि अशी माणसे काही दिवसांनी स्वतःहून बोलायला आलेली मी पाहिली आहेत.

तुमच्या डिस्पॅचमध्ये महिनाअखेरीला गाड्यांची रांग असते, त्यामुळे एक-दोन तारीख उलटल्यावरचा दिवस निवडा. परंतु मधल्या काळात दादांनी कंटाळल्याचे, सुटका व्हावी असे वाटण्याचे एक वाक्य जरी बोलून दाखवले, किंवा ते अचानक निश्चिंत दिसू लागले, तर गाड्या थांबल्या तरी चालतील, त्याच दिवशी त्यांना बाजूला घ्या आणि सरळ विचारा.